दीड मिनिटातला ‘आम्ही’: मोठ्या रजेवरून परतलेल्या एका सहकाऱ्याची ओळख

आमची शाखा नागपुरात, अमरावती रोडला वाडीत. काम गोदाम आणि वाहतुकीचं. संध्याकाळी चारपर्यंत ग्राहकांच्या मागण्या येतात, त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशीच्या गाड्या लावायच्या, सकाळी माल भरायचा, मालाची पावती म्हणजे बिल्टी आणि जीएसटीचं ई-वे बिल काढून गाडी सोडायची. यातलं गाड्या लावण्याचं काम, ज्याला सगळे प्लॅनिंग म्हणतात, ते ज्यांच्याकडे होतं त्या २०२४ च्या दिवाळीनंतर आजारपणाच्या रजेवर गेल्या आणि २०२६ च्या संक्रांतीनंतर परतल्या. मधले चौदा महिने. इथे त्यांना ताई म्हणतो, कारण जुनी मंडळी त्यांना तसंच म्हणत. नव्यांना हे माहीतच नव्हतं, आणि खरं तर प्रकरण तिथूनच सुरू होतं.

त्या गेल्या तेव्हाच्या टीममधले तिघेच उरले होते. सध्याच्या नऊ जणांपैकी सहा जणांनी ताईंना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांची जागा सांभाळणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा त्या सहांपैकीच. त्याला सगळे भाऊ म्हणतात, यार्डातल्या काकांपासून वॉचमनपर्यंत. आणि मीही नवाच. गेल्या जूनमध्ये नाशिकहून बदलून इथे आलो. ताईंशी मी फोनवर दोनदा बोललो होतो, भेटलो नव्हतो. सोमवारी, १९ जानेवारीला सकाळी दहाला त्यांनी टीमसमोर स्वतःची ओळख करून द्यायची असं ठरलं. मी सहज म्हणालो, काय बोलणार ते लिहून पाठवा. त्यांनी शुक्रवारी पाठवलं.

पहिला मसुदा त्यांच्या परवानगीने देतो:

“नमस्कार. मी गेली अकरा वर्षं या शाखेत आहे. ही शाखा सुरू झाली तेव्हा आम्ही फक्त चौघे होतो. एका टेबलावर बसून आम्ही चाळीस-चाळीस गाड्या लावायचो. अ‍ॅप वगैरे काही नव्हतं, एक्सेलची एक शीट होती, तरी आमची एकही गाडी उशिरा गेली नाही. मध्यंतरी तब्येतीच्या कारणाने मला मोठी रजा घ्यावी लागली. बऱ्याच अडचणी आल्या, पण देवाच्या कृपेने त्यातून बाहेर पडले. आता पुन्हा पूर्वीसारखं काम सांभाळायला तयार आहे. तुम्हा सगळ्यांचं सहकार्य हवं.”

वाचताना यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं ते भाऊच्या खुर्चीत बसल्याची कल्पना करून, आणि मग “पूर्वीसारखं काम सांभाळायला तयार आहे” हे एकच वाक्य दिसायला लागलं. ताईंच्या मनात त्याचा अर्थ एवढाच, की मी बरी झाले, माझी काळजी करू नका. भाऊला त्याचा अर्थ ऐकू येणार तो असा, की चौदा महिने मी जे सांभाळलं ते आजपासून गेलं. नव्या माणसाने स्वतःची ओळख करून दिली तर ऐकणाऱ्यांना फार तर हा कसा आहे एवढं कुतूहल असतं. परत आलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याचा जुना हक्क त्याच्यासोबत खोलीत येतो आणि समोरचा प्रत्येक जण मनात एकच हिशेब करत असतो: याच्या येण्याने माझं काय जाणार? तोंडाने कोणी विचारत नाही. ओळखीत त्याचं उत्तर आलं नाही, तर जो तो आपापल्या भीतीप्रमाणे उत्तर तयार करतो.

दुसरी गोष्ट मला नाही, त्यांनाच दिसली. मी फोन करून म्हटलं, “मसुद्यात ‘आम्ही’ फार आलंय, ते ‘आपण’ करा.” मराठीची ही सोय मोठी मोलाची आहे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. “आम्ही चौघे होतो” या वाक्याने समोरच्या सहा जणांना नकळत दाराबाहेर उभं केलं होतं. ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, पण ते खोटं होईल नं. ‘आपण चाळीस गाड्या लावायचो’ असं कसं म्हणू? ही पोट्टी तेव्हा नव्हतीच.”

त्यांचं बरोबर होतं. मी सुचवलेला उपाय फक्त शब्दांची अदलाबदल होता. शेवटी त्यांनी स्वतःच वाटणी केली. रजेआधीच्या काळाबद्दल बोलायचं झालं तर ‘मी’, आणि तेही एका वाक्यात. चौदा महिन्यांबद्दल ‘तुम्ही’, कारण ते काम तुम्ही केलंत. ‘आपण’ फक्त आजपासूनच्या कामाला. ‘आम्ही’ कुठेच नाही. एवढं पाळलं की “एकही गाडी उशिरा गेली नाही” हे वाक्य आपोआप गळून पडलं. (ते खरंही नव्हतं. जुन्या नोंदी भाऊने वाचलेल्या होत्या.)

रजेचं कारण किती सांगायचं, यावर आमचा अर्धा तास गेला. कारण मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. त्यांनी ते टीमलाही सांगितलेलं नाही. पहिल्या मसुद्यातली अडचण अशी होती की त्यात कारण सांगितलंही होतं आणि लपवलंही होतं. “बऱ्याच अडचणी आल्या” हे अर्धं उघडं दार आहे. समोरचा आत डोकावणारच, आणि डोकावला की त्याला उद्धट ठरवता येत नाही, दार तुम्हीच उघडं ठेवलेलं असतं. सगळं सांगायचं असेल तर सांगावं, त्यात गैर काही नाही. सांगायचं नसेल तर “आजारपणाची रजा होती, आता कामाला परवानगी आहे, बाकीचं माझ्याजवळ राहू दे” असं सरळ म्हणून दार लावून घ्यावं. टीमला एकच गोष्ट कळणं भाग असतं: आजार कोणता होता ते नव्हे, तर त्यामुळे कामात कुठे फरक पडणार. ताईंच्या बाबतीत तो फरक रात्रीच्या फोनचा होता. गाडी वाटेत बंद पडली, चालकाला अडवलं, पत्ता सापडत नाही, असे फोन रात्री एक-दोनला येतात. पूर्वी ते ताई घ्यायच्या. डॉक्टरांनी मार्चअखेरपर्यंत जागरण करू नका म्हणून सांगितलं होतं.

ओळखीआधीची भेट

शनिवारी ताई वाडीत आल्या, पण ऑफिसात आल्या नाहीत. समोरच्या टपरीवर भाऊला बोलावलं, चहा घेतला आणि वीस मिनिटं बोलल्या. ही कल्पना माझी असती तर मला अभिमान वाटला असता. तिथे काय झालं ते नंतर दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आणि दोन्ही सांगणं जुळलं.

ताईंनी दोनच गोष्टी विचारल्या. “यातलं कोणतं काम सोडायला तुम्हाला बरं वाटेल?” आणि “कोणतं काम मी आल्यावर बिघडेल अशी भीती वाटते?” पहिल्याचं उत्तर लगेच आलं: जबलपूर. त्या लाइनच्या परतीच्या गाड्या मिळत नाहीत, रोजची कटकट. दुसऱ्याला भाऊने वेळ घेतला. गाड्या मिळवून देणारा एक ब्रोकर होता. दोन वर्षांपूर्वी माल पोचल्याची पावती, म्हणजे पोच, वेळेवर न दिल्यामुळे ताईंनी त्याच्या गाड्या बंद केल्या होत्या. भाऊने त्या पुन्हा सुरू केल्या, आणि आता हैदराबाद लाइन बरीचशी त्याच्याच भरवशावर चालते. ताई येऊन त्याला पुन्हा बंद करतील ही भाऊची खरी भीती. पद, पगार या गोष्टी त्याने काढल्याच नाहीत, हा ब्रोकरच आधी आला. ताई म्हणाल्या, “तेव्हा मला जे दिसलं त्यावरून मी बंद केलं. आता तुम्हाला दिसून राहिलं ते तुम्ही ठरवा. हैदराबाद तुमच्याकडेच राहील.”

त्या शेवटच्या वाक्याचा अधिकार त्यांना नव्हता. तो माझा होता, आणि त्यांनी शनिवारी संध्याकाळी फोन करून मला तसं स्पष्ट सांगितलं: “मी बोलून बसले, तुम्ही ठरवून टाका.” तोपर्यंत मी काहीच ठरवलेलं नव्हतं. ‘आधी येऊ दे, मग बघू’ एवढंच माझं नियोजन. रविवारी बसून वाटणी केली. पहिले दोन आठवडे ताई भाऊच्या शेजारी बसून अ‍ॅप आणि नव्या पद्धती शिकतील, निर्णय भाऊचे. २ फेब्रुवारीपासून रायपूर आणि जबलपूर ताईंकडे. मुंबई आणि हैदराबाद भाऊकडे. ३१ मार्चनंतरचं अजून ठरलेलं नाही. हे शेवटचं वाक्य मला लपवावंसं वाटत होतं, पण ताईंनी ते ओळखीत ठेवलं. त्यांचं म्हणणं, न ठरलेली गोष्ट ‘ठरलेली नाही’ म्हणून सांगितली तर निदान लोक ती ठरवून टाकत नाहीत.

सोमवार

तीळगुळाचा डबा टेबलावर होता. सुरुवात मी केली आणि मीच घोळ घातला. “ताई म्हणजे आपल्या शाखेचा कणा,” असं मी म्हणालो. चांगल्या मनाने म्हणालो. वाक्य संपायच्या आत खोलीतल्या चार जणांनी भाऊकडे पाहिलं. ओळख बिघडते आहे हे ओळखायची याहून सोपी खूण नाही: लोक बोलणाऱ्याकडे न पाहता ज्याचं काही जाणार आहे त्याच्याकडे पाहतात. ताई कणा, तर चौदा महिने शाखा काय बिनकण्याची चालली? त्यात यार्डातले काका, जुने आणि मोठ्या आवाजाचे, म्हणाले, “बरं झालं बाप्पा ताई आल्या! आता पहा, हे पोट्टे काय काय करून राहिले ते.” काकांचा हेतू प्रेमाचाच होता. पण जुना माणूस परतला की जुने लोक त्याला आपल्या बाजूला ओढतात, आणि त्या क्षणी तो हसला तरी बाजू ठरून जाते.

ताई काकांकडे बघून हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “काका, आधी मला बघू द्या, मग तुम्हाला सांगते,” म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. जे बोलल्या ते जवळजवळ शब्दशः असं:

“नमस्कार. जुने लोक मला ताई म्हणतात, तुम्हाला सोयीचं वाटेल ते म्हणा. २०१५ पासून मी या शाखेत प्लॅनिंग करत होते. नोव्हेंबर २०२४ पासून आजारपणाच्या रजेवर होते. आता डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली आहे. बाकीचं माझ्याजवळ राहू दे. तुमच्या कामाशी त्याचा संबंध एवढाच, की ३१ मार्चपर्यंत मी रात्री नऊनंतर फोन घेऊ शकणार नाही.

मी गेले तेव्हा समृद्धी महामार्ग इगतपुरीपर्यंतच होता, म्हणून मुंबईच्या गाड्यांचा माझा अंदाज जुना आहे. ई-वे बिलाच्या लॉगिनला आता ओटीपी लागतो म्हणे, तो मी अजून पाहिलेला नाही. अ‍ॅपही पाहिलेलं नाही. हे सगळं तुम्ही चालवलंत, मला तुमच्याकडून शिकायचं आहे.

प्लॅनिंग भाऊ बघतात. पहिले दोन आठवडे मी त्यांच्या शेजारी बसेन. २ फेब्रुवारीपासून रायपूर आणि जबलपूर माझ्याकडे येईल, मुंबई आणि हैदराबाद भाऊंकडेच. ३१ मार्चनंतरचं अजून ठरलेलं नाही. ठरलं की सर सांगतील.

एक विनंती. मी जुनं काहीतरी सांगायला लागले तर मला तिथेच थांबवा. आज चारच्या आत किती गाड्या लावायच्या आहेत आपल्याला?”

मी घड्याळ लावलं नव्हतं, पण दीड मिनिटाच्या वर गेलं नसेल. शेवटच्या प्रश्नाला भाऊने उत्तर दिलं, “बावीस.” ‘आपण’ हे रूप सबंध बोलण्यात एकदाच आलं, तेही प्रश्नात.

यातला न येणाऱ्या गोष्टींचा भाग थोडा उलगडून सांगतो, कारण तो नम्रता दाखवायला घातलेला नव्हता. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्यानंतर मुंबईकडच्या गाड्यांचं वेळेचं गणित भाऊने नव्याने बसवलं. ई-वे बिलाच्या पोर्टलवर २०२५ मध्ये उलाढालीप्रमाणे टप्प्याटप्प्याने ओटीपीसह लॉगिन सक्तीचं झालं, १ एप्रिलपासून तर सगळ्यांनाच. ताईंचा उप-वापरकर्ता रजेच्या काळात आम्ही गोठवला होता, तो पुन्हा सुरू करून त्यांचा मोबाइल तपासणं हे पहिल्या दिवशीचं काम होतं. “बरंच काही बदललं असेल, सांभाळून घ्या” असं मोघम म्हटलं असतं तर कोणी काहीच सांगितलं नसतं. तीन गोष्टी नावानिशी सांगितल्यामुळे तीन माणसं त्यांच्या टेबलाशी आली. बिलिंगच्या मुलीने तर दुपारीच लॉगिन करून दिलं.

एका नव्या मुलाने सभा संपताना विचारलंच, “मॅडम, पण काय झालं होतं?” ताई म्हणाल्या, “आता बरी आहे. ते घरी बोलते, इथे गाड्यांचं बोलू.” सूर नेहमीचाच. उत्तर आधी ठरलेलं होतं म्हणून तो नेहमीचा राहिला.

पुढचे दिवस

बुधवारी एका नमकीन कंपनीचा माल निघत होता. त्यांचं बिल आमच्याच गोदामातून होतं. ताईंनी स्क्रीनवर ५ टक्के जीएसटी पाहिला आणि म्हणाल्या, “हे चुकलं, पाकीटबंद नमकीनला १२ लागतो.” २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे, ताई तेव्हा रजेवर होत्या. बिलिंगची मुलगी वयाने त्यांच्या निम्मी. एरवी ती गप्प बसली असती, दर बदलला असता, आणि ग्राहकाने बिल परत पाठवल्यावर सगळं उघडं झालं असतं. ती म्हणाली, “ताई, थांबवू का?” सगळे हसले, ताई सगळ्यांत मोठ्याने. सोमवारच्या बोलण्यातली ती विनंती तेवढ्याचसाठी होती, आणि ‘मॅडम’चं ‘ताई’ही मला वाटतं तेव्हाच झालं.

त्याच दिवशी ताईंच्या एका जुन्या ब्रोकरचा फोन आला. तुम्ही आल्याचं कळलं, हैदराबादला गाडी देतो, चालू भाड्यापेक्षा १,५०० कमी. ताईंनी भाव ऐकून घेतला, भाऊचा नंबर दिला आणि म्हणाल्या, “हैदराबाद भाऊ बघतात.” ही खरी परीक्षा होती, कारण बाजारात बसलेली माणसं काही सोमवारच्या सभेत नव्हती. तुमची जुनी ओळख त्यांच्या फोनमध्ये तशीच असते. खोलीत दिलेली ओळख अशा प्रत्येक फोनवर पुन्हा द्यावी लागते. भाऊने ती गाडी घेतली नाही, त्याची कारणं त्याच्यापाशी. ताईंनी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र सपशेल चुकली, आणि ती मजकुरातच चुकली होती. रात्रपाळीचे दोघे सोमवारी दहाच्या सभेला नव्हते, नुकतेच घरी जाऊन झोपले होते. त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचली ती एवढीच: “ताई रात्रीचे फोन घेणार नाहीत.” चौदा महिने ते फोन हे दोघेच वर ढकलत होते आणि भाऊ ते घेत होता. जुन्या सीनियर आल्या म्हणजे आता तरी सुटका, अशी त्यांची आशा असणार. बुधवारी रात्री त्यातला एक काकांना म्हणाला, “म्हणजे सगळं आमच्याच डोक्यावर.” काकांनी सकाळी मला सांगितलं.

वाक्य अर्धंच होतं. मी अमुक करू शकणार नाही, एवढं ताईंनी सांगितलं. मग ते कोण करणार, हे सांगितलं नाही. सांगणार कुठून, मीच ठरवलेलं नव्हतं. एखाद्याच्या तब्येतीची मर्यादा टीम सहज मान्य करते, पण तिचा भार कुणावर जातो ते कळलं नाही तर ती मर्यादा सवलत वाटू लागते. गुरुवारी संध्याकाळी आठला, पाळी सुरू होताना, ताई आणि मी दोघे थांबलो. ताईंनी तीनच वाक्यं सांगितली: आजारपणाची रजा होती, मार्चअखेरपर्यंत जागरण मना आहे, म्हणून नऊनंतर मला फोन करू नका. मी पुढचं सांगितलं: मार्चअखेरपर्यंत रात्रीचा वरचा फोन मी घेईन, भाऊ नाही आणि ताई नाहीत. “बरं सर,” म्हणाले. खूश झाले असं म्हणवत नाही, पण पुन्हा कुरकुर ऐकली नाही. पहिल्या आठवड्यात मला रात्री चार फोन आले. त्यातला एक पहाटे तीनला, रायपूरची गाडी देवरीजवळ उभी, डिझेल संपलं म्हणून.

२ फेब्रुवारीला वाटणी ठरल्याप्रमाणे झाली. जबलपूरच्या परतीच्या गाड्यांसाठी ताईंनी शिवनीच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाला शोधून काढलं, आणि भाऊने अ‍ॅपमध्ये त्यासाठी वेगळा रकाना करून दिला. काका अजून अधूनमधून “आम्ही तं असं करत होतो” म्हणून सुरू होतात. मग कोणीतरी म्हणतं, “काका, थांबवू का?”

भाऊला प्लॅनिंगच्या कामाचा जो तात्पुरता भत्ता मिळतो तो ३१ मार्चनंतर चालू राहील का, हे त्याने शनिवारी टपरीवर विचारलं नाही, सोमवारी विचारलं नाही. मागच्या आठवड्यात विचारलं. मी विभागीय कार्यालयाला दोनदा लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही, आणि तसं मी त्याला सांगितलं.